बाहेर राहिलेलं अन्न आणि फ्रिजमध्ये राहिलेलं अन्न: गरोदरपणात दोघांचे नियम एक नाहीत

"फ्रिजमध्येच होतं ना, मग काय होतंय", "वास घेऊन बघ, चांगलं असेल तर खा", हे गरोदर बाईला किंवा केमो चालू असलेल्या माणसाला इतक्या वेळा सांगितलं जातं की आता वैताग आलाय. सांगणाऱ्याच्या डोक्यात एकच विषबाधा असते, बाहेर राहिलेल्या अन्नाची. फ्रिजमधल्या अन्नातही वाढणाऱ्या लिस्टेरिया नावाच्या जंतूचं प्रकरण वेगळं आहे आणि काही बाबतीत तर बरोब्बर उलटं.

बाहेर राहिलेल्या अन्नाचं सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळे पटकन सांगते. शिजवलेलं अन्न ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात, खाल्ल्यावर काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि कशाने झालं ते बहुतेक वेळा लगेच आठवतं. यावरचा उपाय म्हणजे वेळेत फ्रिजमध्ये टाकणं. थंडीत या नेहमीच्या जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. इथवर सगळं बरोबर.

घोळ याच्या पुढे होतो. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जंतू फ्रिजमध्ये थांबत नाही, सावकाश का होईना पण वाढत राहतो, अगदी शून्य अंशाच्या आसपाससुद्धा. पूर्वी लॅबवाले त्याला शोधायला हीच युक्ती वापरायचे, नमुना 4 अंशांवर काही आठवडे ठेवून द्यायचा, बाकीचे जंतू मागे पडतात आणि लिस्टेरिया वर येतो. आपण मागच्या कप्प्यात डबा विसरतो तेव्हा घरबसल्या तेच करत असतो. 1981 मध्ये कॅनडात कोलस्लॉ नावाच्या कोबीच्या थंड सॅलडमधून लिस्टेरियाची साथ आली, त्यातला कोबी मेंढ्यांच्या खताच्या शेतातला होता आणि हिवाळाभर थंड गोदामात ठेवलेला होता. रुग्णांमध्ये गरोदर बायका आणि नवजात बाळं जास्त होती. लिस्टेरिया अन्नातून पसरतो हे त्या साथीतून पहिल्यांदा नीट सिद्ध झालं. म्हणजे अन्न थंडीत ठेवलं होतं हा इथे बचाव नव्हताच, थंडीनेच त्याला वेळ मिळवून दिला.

आता एक डबा घेऊन बघू. रविवारी रात्री चिकन शिजवलं, नीट शिजवलं, त्यात लिस्टेरिया असला तरी मेला. मग ते ज्या पाटावर कापलं त्याच पाटावर आधी न धुतलेली काकडी चिरली होती, तिथून समजा 10 जंतू चिकनवर आले. शिजवल्यानंतर असं पुन्हा लागणं हेच बहुतेक वेळा मूळ असतं, म्हणून "मी तर मस्त शिजवलं होतं" याला फार अर्थ नाही. डबा फ्रिजमध्ये गेला. फ्रिज खरोखर 4 अंशांवर असेल आणि दुप्पट व्हायला ढोबळ दीड दिवस धरला, तर पुढच्या शनिवारी रात्रीपर्यंत 10 चे 160 होतात. तोच फ्रिज 10 अंशांवर चालत असेल आणि दुप्पट व्हायला 8 तास धरले, तर त्याच सहा दिवसांत 26 लाखांच्या वर जातात. पदार्थाप्रमाणे हे आकडे बरेच बदलतात, पण फरक केवढा पडतो ते कळतं. आणि दोन्ही डबे दिसायला, वासाला, चवीला सारखेच लागू शकतात, कारण वास आणि बुळबुळीतपणा आणणारे जंतू बहुतेक वेळा दुसरेच असतात. वास घेऊन फक्त अन्न विटलंय का एवढंच कळतं.

इथे माझा आवडता राग, फ्रिजच्या आतलं ते 1 ते 7 आकड्यांचं बटण. ते अंश नाहीत! 4 वर ठेवलं म्हणजे 4 अंश झालं असं नसतं, बहुतेक फ्रिजमध्ये आकडा वाढवला की थंडी वाढते. साधा फ्रिजचा थर्मामीटर आणा, पाणी भरलेल्या ग्लासात घालून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. 4 किंवा त्याच्या खाली हवं. दाराचा कप्पा सगळ्यात गरम असतो, उरलेलं अन्न तिथे ठेवूच नका. फ्रीझरमध्ये वाढ थांबते पण जंतू मरत नाही, वितळलं की पुन्हा सुरू.

दुसरा उलटा नियम गरम करण्याचा. बाहेर तासन् तास राहिलेलं अन्न उकळून वाचत नाही, कारण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही टिकतं. ते फेकाच. लिस्टेरियाचं तसं नाही, तो स्वतः जिवंत पोटात जावा लागतो आणि आतपर्यंत 75 अंश झाले की मरतो. म्हणून वेळेत फ्रिजमध्ये ठेवलेलं चिकन दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून खाल्लं तर ठीक, तेच चिकन थंडच सँडविचमध्ये घातलं तर नाही. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मधला भाग कोमट राहतो, तेव्हा मध्ये एकदा ढवळा, झाकून दोन मिनिटं ठेवा आणि मग खा. गरोदर बाईसाठी माझा नियम कडक आहे, उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करून संपवायचं, घरातल्या बाकीच्यांनी हवं तर तीन-चार दिवस चालवावं. आणि जे गरम करून खायचंच नसतं, म्हणजे पाकिटातले मांसाचे थंड काप, स्मोक्ड मासा, चिरून ठेवलेलं खरबूज, तयार सॅलड, कच्च्या दुधाचं किंवा मऊ चीज, ते या काळात सरळ सोडा. मांसाचे काप वाफा येईपर्यंत गरम करणार असाल तर गोष्ट वेगळी.

लक्षणांतही गोंधळ होतो. पोट बिघडलं नाही म्हणजे सुटलो असं नाही. गरोदर बाईला बऱ्याचदा नुसता ताप, अंगदुखी, थोडी कणकण, फ्लूसारखं वाटून जातं, पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो आणि गर्भपात, पोटातच बाळ दगावणं किंवा जन्मल्यावर गंभीर संसर्ग होऊ शकतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत, म्हणजे केमो, अवयव प्रत्यारोपण, स्टेरॉइड किंवा डायलिसिस चालू असलेल्यांत आणि म्हाताऱ्या माणसांत, तो रक्तात आणि मेंदूपर्यंत जातो. हे सगळं साधारण दोन आठवड्यांत दिसतं, पण कधी कधी दहा आठवड्यांनीही, त्यामुळे "काल काय खाल्लं होतं" हा प्रश्नच चुकीचा पडतो.

म्हणून ताप आला तर डॉक्टरांना गेल्या दोन महिन्यांतलं थंड खाल्लेलं आठवून सांगा आणि "लिस्टेरिया असू शकेल का" असं स्पष्ट विचारा. तपासणी रक्ताच्या कल्चरने होते, शौचाच्या तपासणीचा इथे फारसा उपयोग नाही. वेळेत कळलं तर अँपिसिलिनसारखी औषधं चालतात, सेफॅलोस्पोरिन गटातली मात्र या जंतूवर चालत नाहीत, आणि तापावर तीच दिली जाण्याची शक्यता असते, म्हणून तो प्रश्न आधी विचारायचा. काहीच लक्षण नसेल आणि नुसतं काहीतरी संशयास्पद खाल्लं गेलं असेल तर सहसा तपासणी किंवा औषध लागत नाही. तारीख लिहून ठेवा आणि पुढचे दोन महिने तापाकडे दुर्लक्ष करू नका.