डेलावेअरचा पत्ता एजंटचा आहे, तुमच्या ऑफिसचा नाही

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात कंपनी स्थापन झाल्याचं सर्टिफिकेट हातात पडलं की पुढच्या आठवड्यात बहुतेक ग्राहकांचा फोन येतो : "त्यावर विल्मिंग्टनचा पत्ता आहे, तोच बँकेला देऊ ना?" नको. हा पत्ता जिथे लागतो तिथे आम्ही तो आधीच भरलेला असतो. बाकी कुठेही तो लिहिला तर काम अडतं, आणि ते सोडवण्यात महिना-दीड महिना सहज जातो. म्हणून हे पत्रक.

गोंधळ का होतो तेही समजण्यासारखं आहे. आपल्याकडे कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नोंदणीकृत कार्यालय ही खरीखुरी जागा असते. बाहेर कंपनीच्या नावाची पाटी लावावी लागते, वीजबिल आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं, हिशेबाची पुस्तकंही सहसा तिथेच ठेवतात. त्यामुळे अमेरिकन कागदावर "रजिस्टर्ड ऑफिस" वाचलं की आपण तेच समजतो. डेलावेअरच्या कॉर्पोरेशन कायद्याचं कलम १३१ मात्र सांगतं की राज्यात रजिस्टर्ड ऑफिस हवंच, पण तीच धंद्याची जागा असली पाहिजे असं नाही. कलम १३२ प्रमाणे त्या पत्त्यावर एक एजंट हवा. कोर्टाचे समन्स आणि राज्याच्या नोटिसा कंपनीच्या वतीने घेऊन त्या तुमच्याकडे पोचवणं हे त्याचं काम. एकाच एजंटच्या पत्त्यावर हजारो कंपन्या असतात. विल्मिंग्टनमधल्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या इमारतीच्या नावावर तर अडीच लाखांहून अधिक कंपन्या नोंदल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. तिथे त्यांची टेबलं मांडलेली नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक होते ईआयएन या कंपनीच्या करनोंदणी क्रमांकाच्या अर्जात, म्हणजे अमेरिकन आयकर खात्याच्या फॉर्म एसएस-४ मध्ये. समजा, बाणेरमधल्या दोन भागीदारांनी डेलावेअरमध्ये कॉर्पोरेशन काढली. दोघांकडेही सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून अर्ज ऑनलाइन करता येत नाही. तो फॅक्सने किंवा टपालाने जातो. फॉर्मच्या ओळ ४ मध्ये टपालाचा पत्ता आणि ओळ ५ मध्ये, तो वेगळा असेल तर, प्रत्यक्ष जागेचा पत्ता विचारतात. त्यांनी ओळ ४ मध्ये एजंटचा पत्ता घातला. नंबर मिळतो, पण तो कळवणारं मूळ पत्र, सीपी ५७५, टपालाने विल्मिंग्टनला जातं. एजंटच्या साध्या वार्षिक फीमध्ये कोर्टाची आणि राज्याची कागदपत्रं घेणं असतं. आयकर खात्याचं किंवा बँकेचं रोजचं टपाल त्यात बहुधा धरलेलं नसतं. पाकीट परत जातं किंवा तिथेच पडून राहतं.

आता बँक म्हणते, ईआयएनचं पत्र दाखवा. दुसरं पत्र, १४७सी, मागवता येतं, पण खात्याच्या नोंदीत पत्ता तोच विल्मिंग्टनचा असल्याने टपालाने आलं तर तेही तिथेच जाणार. म्हणून आधी फॉर्म ८८२२-बी भरून पत्ता बदलावा लागतो. हा बदल नोंदला जायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, असं त्या फॉर्मवरच छापलेलं आहे. एका ओळीत बाणेरचा पत्ता लिहिला असता तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. भारतातला पत्ता त्या फॉर्मवर चालतो. पिनकोड आणि देशाचं नाव तेवढं पूर्ण लिहावं.

बँकेची अडचण वेगळी आहे. खातं उघडताना कंपनीची प्रत्यक्ष जागा नोंदवून घेणं अमेरिकन बँकांवर बंधनकारक आहे. नेहमीच्या एजंटचे पत्ते त्यांच्या यंत्रणेला ओळखीचे असतात, त्यामुळे असा अर्ज सहसा "पत्त्याचा पुरावा द्या" म्हणून परत येतो. पुरावा म्हणजे भाडेकरार किंवा वीजबिल, आणि विल्मिंग्टनच्या त्या इमारतीचं वीजबिल तुमच्या नावावर येणार कुठून? भाड्याने मिळणारी व्हर्च्युअल मेलबॉक्स टपालासाठी उत्तम आहे, जरूर घ्या. पण तीही ऑफिस नव्हे, आणि बँकेला ते कळतं.

तिसरी जागा म्हणजे वार्षिक अहवाल. कॉर्पोरेशनला तो फ्रँचाइज टॅक्ससह दरवर्षी १ मार्चपर्यंत भरावा लागतो. उशीर झाला तर २०० डॉलर दंड आणि महिना दीड टक्का व्याज. त्यात धंद्याची मुख्य जागा विचारतात आणि तिथे एजंटचा पत्ता चालत नाही. एलएलसी प्रकारच्या कंपनीला हा अहवाल नाही, फक्त १ जूनपर्यंत ३०० डॉलर भरायचे. काही ग्राहक म्हणतात, "डेलावेअर लिहिलं तर छाप पडते." पडत असेल. पण आपण डेलावेअरमध्येच धंदा करतो असं लिहून दिलं की तिथलं बिझनेस लायसन्स आणि ग्रॉस रिसीट्स टॅक्स का भरत नाही, हा प्रश्न आपणच ओढवून घेतो.

पत्त्याने कर बदलत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. एडिसनमध्ये घरी बसून काम करत असाल तर न्यू जर्सीत परराज्यातली कंपनी म्हणून नोंदणी लागेल का, हे तपासावं लागतं; कागद डेलावेअरचा आहे म्हणून ते टळत नाही. पुण्यात बसून सगळे निर्णय घेत असाल तर भारतीय आयकर कायदा कंपनीचं व्यवस्थापन प्रत्यक्षात कुठून चालतं ते पाहतो. वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती विशिष्ट कसोटी लागत नाही, असं २०१७ चं परिपत्रक आहे. मात्र भारतात कामाची कायम जागा असल्याचा मुद्दा त्याने संपत नाही. त्यासाठी तुमच्या सीएशी बोला.

आमच्या अर्जात पत्त्याचे तीन रकाने का, आणि ते भरल्याशिवाय आम्ही पुढे का जात नाही, अशी तक्रार येते. "दुसरीकडे एकच पत्ता विचारतात," असंही ऐकवतात. विचारत असतील, अर्ज झटपट होतो आणि खोळंबा नंतर येतो. आमचा पहिला रकाना एजंटचा, तो आम्हीच भरतो. दुसरा काम जिथे चालतं तिथला. घरून काम करत असाल तर घराचा, त्यात कमीपणा नाही. तिसरा टपालाचा, जिथे पाकीट आलं तर कोणीतरी ते उघडेल असा. दुसरा आणि तिसरा एकच असला तरी चालतो.

एजंटची नोटीस ई-मेलने येते, म्हणून तो ई-मेल रोज उघडला जाणारा असावा, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नको. डेलावेअरच्या कोर्टात समन्स मिळाल्यावर उत्तर द्यायला साधारण २० दिवस मिळतात आणि ते एजंटच्या हाती पडल्यापासून मोजतात, तुम्ही मेल वाचल्यापासून नाही. एजंटची फी थकली आणि त्याने राजीनामा दिला तर नवा एजंट नेमायला ३० दिवस असतात. तेवढ्यात नेमला नाही तर कॉर्पोरेशनची सनदच जप्त होते. आमच्या वार्षिक पॅकेजमध्ये एजंटची फी, नोटीस आली की त्याच दिवशी फोन आणि १ मार्चची आठवण धरलेली आहे. टपाल स्कॅन करून पाठवण्याची सोय वेगळी घ्यावी लागते.

विल्मिंग्टनचा पत्ता आधीच कुठे देऊन बसला असाल तर एसएस-४ ची प्रत, बँकेच्या अर्जाची प्रत आणि शेवटचा वार्षिक अहवाल आम्हाला पाठवा. ८८२२-बी भरून देण्याचे पैसे आम्ही जुन्या ग्राहकांकडून घेत नाही. सही मात्र कंपनीच्या अधिकाऱ्याची लागते, आणि फॉर्म टपालानेच जातो.