खासगी बचावाचा हक्क (बांधावरच्या मारामारीच्या संदर्भात)

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी केलेला बळाचा वापर कायद्याने गुन्हा ठरत नाही. या मुभेला खासगी बचावाचा हक्क म्हणतात. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 लागू होतात, त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची 96 ते 106. दोन्हींचा गाभा एकच असल्यामुळे जुने निकाल आजही उपयोगी पडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात हा हक्क बहुतेक वेळा शेताच्या बांधावरून सुरू झालेल्या भांडणात सांगितला जातो, म्हणून इथे तोच प्रकार विस्ताराने घेतला आहे.

कल्पनेतला एक प्रसंग धरू. सकाळची वेळ आहे. उसाला पाणी सोडलेल्या शेतकऱ्याच्या हातात कोयता आहे. शेजारच्या वाटणीचा चुलतभाऊ कुदळ घेऊन येतो आणि सामाईक बांध फोडायला लागतो. इथे फक्त मालमत्तेचे नुकसान चालले आहे. अशा वेळी शेतकरी त्याला अडवू शकतो, ढकलू शकतो, कुदळ हिसकावून घेऊ शकतो, त्यात थोडी इजा झाली तरी चालते. पण जीव घेण्यापर्यंत हा हक्क जात नाही. मालमत्तेसाठी ती परवानगी कलम 41 मधल्या मोजक्या प्रसंगांतच आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घराला आग लावणे, किंवा चोरी-नासधूस अशा रीतीने होत असणे की प्रतिकार केला नाही तर मृत्यू वा जबर दुखापत होईल. बांध फुटला, पाणी वाहून गेले, उसाच्या चार सऱ्या तुडवल्या गेल्या, हे त्यात बसत नाही.

आता चुलतभाऊ कुदळ डोक्यावर उगारतो. या क्षणी प्रश्न मालमत्तेचा राहत नाही, जिवाचा होतो. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर कलम 38 समोरच्याचा जीव जाईपर्यंतचे बळ मान्य करते. हाड मोडणे ही जबर दुखापतच आहे, त्यामुळे कुदळीचा डोक्यावरचा घाव या व्याख्येत सहज बसतो. पहिला घाव आपल्यावर बसेपर्यंत थांबावे लागत नाही, आणि आपल्या शेतातून पळून जाण्याचीही सक्ती नाही. शेतकऱ्याने कोयत्याचा एक वार केला आणि तो जिव्हारी लागला, तरी तो निर्दोष सुटू शकतो.

तिसरा टप्पा सर्वांत घातक असतो. कुदळ हातातून गळते, चुलतभाऊ पाठ फिरवून बांधावरून पळतो, आणि शेतकरी दहा-पंधरा पावले मागे धावून मानेवर दुसरा वार करतो. शरीराचा बचाव करण्याचा हक्क धोक्याची भीती असेपर्यंतच टिकतो. भीती संपली की हक्क संपला, पुढचा वार हा बदला. 1962 च्या जयदेव खटल्यात शेतीच्या वादातून झालेल्या मारामारीत पळून जाणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांना सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच बचाव मानले नाही.

बळ प्रमाणात होते का हे ठरवताना न्यायालय घाव मोजत बसत नाही. अंगावर कुदळ आलेल्या माणसाने वार सोन्याच्या तराजूत तोलून करावा अशी अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. पाहिले जाते ते असे की त्या जागी, त्या क्षणी, समोर दिसत होते त्यावरून भीती रास्त होती का, आणि गरजेपेक्षा उघडच जास्त इजा केली का. याची उत्तरे शब्दांपेक्षा खुणांवरून मिळतात. मृताचा घाव समोरून आहे की मानेच्या मागून? रक्ताचा डाग पंचनाम्यात आरोपीच्या सर्व्हे नंबरात दाखवला आहे की पलीकडच्या वाटेवर? कुदळ कुठे पडली होती? आरोपीच्या अंगावर काय आहे? डोके वाचवायला हात वर केला की घाव हाताच्या करंगळीकडच्या हाडावर बसतो, आणि ते मधोमध मोडते. एक्स-रेमध्ये असे मोडलेले हाड दिसले, तर उगारलेल्या कुदळीची गोष्ट बळकट होते.

म्हणूनच आरोपीने त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घेणे महत्त्वाचे ठरते. हात सुजला आहे एवढेच लिहून एक्स-रे न काढता घरी पाठवले, तर आठवड्यानंतर सापडलेले मोडलेले हाड कोणाच्या मारामुळे मोडले हे सिद्ध करणे कठीण जाते. 1976 च्या लक्ष्मी सिंग खटल्यापासून नियम असा की आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा सरकारी साक्षीदारांनी केला नाही, तर ते खरी सुरुवात लपवत असल्याचा संशय घेता येतो. खरचटण्याला मात्र हे लागू पडत नाही.

बांधाच्या खटल्यात आणखी एक गोष्ट निर्णायक असते: ताबा कोणाचा होता. हद्दीत आत्ताच घुसलेल्याला हुसकावता येते, पण ज्याचा ताबा स्थिरावला आहे त्याला हुसकावायला दिवाणी कोर्टातच जावे लागते. 1975 च्या पूरन सिंग खटल्यात उभे पीक कोणी पेरले याला महत्त्व दिले गेले. पहाणी पत्रकावर, म्हणजे गावात म्हणतात त्या उताऱ्यावर, नाव एकाचे आणि ऊस दुसऱ्याचा असेल, तर नुसता उतारा दाखवून बचाव टिकत नाही. रानडुकरांसाठी किंवा चोरासाठी कुंपणात वीज सोडणेही बचावात बसत नाही. तारेला चिकटून माणूस मेला, तो घुसखोर असला तरी, लावणाऱ्यावर शिक्षा येते. 1963 च्या चेरुबिन ग्रेगरी निकालाने हे स्पष्ट केले.

बचाव दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, पण त्याला तो संशयातीत सिद्ध करावा लागत नाही. त्याची बाजू अधिक संभाव्य वाटली की पुरे. ती त्याने स्वतः मांडली नसली तरी सरकारी साक्षीतूनच निघाली तर न्यायालय विचार करते. तरी सर्वाधिक नुकसान पहिल्या दोन दिवसांत होते. घाबरून ‘मी तिथे नव्हतोच’ असे सांगणारा पुढे ‘मी बचावासाठी मारले’ म्हणू लागला की दोन्हींवरचा विश्वास उडतो. इथली फिर्याद पोलीस कन्नडमध्ये लिहून घेतात. ती वाचून दाखवणे आणि प्रत फुकट देणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून मराठी बोलणाऱ्याने मजकूर मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये. ‘कुदळ उगारली’ हे वाक्य ‘कुदळ होती’ असे उतरले तर वरचा सगळा दुसरा टप्पाच कागदावरून नाहीसा होतो. आरोपी म्हणून बोलावले असेल तर वकिलाशी बोलूनच बोलावे.

मारामारीत बहुधा दोन्हीकडून फिर्यादी पडतात. असे उलट-सुलट खटले एकाच न्यायाधीशाने एकामागून एक ऐकून दोन्हींचा निकाल एकाच वेळी द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. दोन्ही गट आधीच हत्यारे घेऊन मैदानात उतरले असतील, तर बहुतेक वेळा कोणालाच बचावाचा हक्क मिळत नाही.

दोन टोकांमधली एक जागा मात्र उरते. कुदळ गळाली आहे पण दोघांची झटापट सुटलेली नाही, आणि त्याच श्वासात दुसरा वार पडला. इथे हक्क सुरू झाला होता, तो भल्या बुद्धीने, आधी न ठरवता ओलांडला गेला. न्याय संहितेच्या कलम 101 मधल्या दुसऱ्या अपवादाने हा खून राहत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. हेतू होता असे ठरले तर कलम 105 खाली जन्मठेप किंवा 5 ते 10 वर्षे कैद होऊ शकते. बेळगावच्या सत्र न्यायालयातल्या शिक्षेवरचे अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे जाते, आणि तिथे वाद बहुधा याच एका श्वासावर चालतो: दोन वारांमध्ये किती वेळ गेला, आणि तेवढ्यात समोरचा माणूस वळला होता का.