बाळगोळी, जायफळ आणि बाळाला झोपवायची औषधं

रडणारं बाळ झोपावं म्हणून त्याला गुंगी आणणारी वस्तू चाटवणं ही महाराष्ट्रात जुनी पद्धत आहे आणि ती अजून पूर्ण गेलेली नाहीये. पूर्वी यात अफूची बाळगोळी असायची, आता बहुतेक घरांत सहाणेवर उगाळलेलं जायफळ असतं, कुठे बोटाला लावून ब्रँडी, कुठे मोठ्या भावंडाचं सर्दीचं सिरप अर्धा चमचा. वस्तू वेगवेगळ्या पण कल्पना एकच, की बाळ गप्प झालं म्हणजे झोपलं. खरी अडचण याच कल्पनेत आहे. गुंगीत पडलेलं बाळ झोपलेल्या बाळासारखं दिसतं, पण झोपलेलं बाळ भूक लागली, श्वास अडखळला, तोंडावर दुपटं आलं की जागं होतं, रडतं, हातपाय झाडतं, आणि गुंगीतलं बाळ यातलं काहीच करत नाही.

बाळगोळीची गोष्ट मुंबईच्या गिरण्यांशी जोडलेली आहे. कामावर जाणाऱ्या बाया सकाळी तान्ह्या बाळाला अफूची छोटी गोळी देऊन घरात ठेवायच्या, कुणी शेजारणीकडे, कुणी सहा-सात वर्षांच्या मोठ्या मुलीच्या भरवशावर, आणि आईची कामाची पाळी संपेपर्यंत बाळ पडून राहायचं. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरबाईंनी सरकारसाठी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली तेव्हा त्यांना जवळपास सगळ्याच बाळांना, म्हणजे 98 टक्के बाळांना, अफू दिली जात असल्याचं आढळलं. या आयांना दोष देणं मला पटत नाही, कारण त्यांच्याकडे बाळ ठेवायला जागाच नव्हती. 1929 साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, 1931 मध्ये कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने कारखान्यांत पाळणाघरं हवीत असं सांगितलं, म्हणजे अफूला पर्याय काय हे तेव्हाही माहीत होतं. बाळाला सांभाळायला एक जागं माणूस हवं होतं. इंग्लंडच्या गिरणगावांतही याच कारणाने अफूची सिरपं बाळांना पाजली जायची, तेव्हा हा आपल्याकडच्याच अडाणीपणाचा प्रकार होता असंही नाही.

अफूत गुंगी आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे मॉर्फिन. मेंदूच्या खालच्या भागात श्वासाचं केंद्र असतं, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ते श्वास वाढवतं, मॉर्फिन त्या केंद्रालाच मंद करतं. मोठ्या माणसाचं यकृत दोन-तीन तासांत अर्धं मॉर्फिन निकामी करून टाकतं, पण नवजात बाळाचं यकृत कच्चं असतं आणि त्याला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, त्यामुळे सकाळचा डोस अंगात असतानाच संध्याकाळचा येतो आणि एकावर एक साचत जातो. त्यात गोळीत किती अफू आहे हे देणारीला कळायचा मार्गच नव्हता. आणि अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात वाईट वाटते. रोज अफू मिळणाऱ्या बाळाला ती वेळेवर नाही मिळाली की ते चिडतं, जांभया देतं, शिंकतं, जुलाब होतात, खूप रडतं, मग आईला वाटतं की बघा, गोळीशिवाय याला चैनच पडत नाही, आणि ती परत गोळी देते. मधल्या काळात बाळ दूध कमी ओढतं, पोट साफ होत नाही, वजन वाढत नाही. म्हणजे श्वास थांबला नाही तरी उपासमार होतेच.

आता जायफळाकडे येऊ, कारण आज प्रश्न मुख्यतः त्याचा आहे आणि त्याच्याबद्दल कुणाला भीती वाटत नाही, मसाल्याच्या डब्यातलीच तर वस्तू. मोठ्यांच्या श्रीखंडात किंवा बासुंदीत पडतं तेवढ्या जायफळाबद्दल इथे काही म्हणायचं नाहीये. जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त प्रमाणात ते मेंदूवर काम करतं, तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, नाडी जोरात चालते, गुंगी येते आणि मधेच विचित्र चिडचिड. लहान बाळांना जायफळ दिल्यावर झटके आल्याच्या आणि बाळ सुस्त पडल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. पण खरी गोम त्याच्या वेळेत आहे. जायफळाचा असर लगेच दिसत नाही, तो चढायला तीन ते सहा तास लागतात आणि उतरायला कधी कधी अख्खा दिवस.

एक प्रसंग घेऊ. दोन महिन्यांचं बाळ, वजन साडेचार किलो, रोज संध्याकाळी सातला रडायला लागतं ते दहापर्यंत. आजी आठ वाजता सहाणेवर जायफळाचे दहा वेढे देते आणि आईच्या दुधात कालवून चाटवते. नऊला बाळ अजून रडतंच आहे, म्हणून "आजचं जायफळ जुनं दिसतंय" असं म्हणत ती अजून पंधरा वेढे देते. दहाला बाळ झोपतं. ते जायफळाने झोपलेलं नसतं, रडून दमलेलं असतं आणि तसंही त्याची झोपायची वेळ झालेली असते, पण घरात गुण जायफळाला मिळतो. दोन्ही डोस मिळून चढतात ते रात्री एक ते तीनच्या सुमाराला, जेव्हा सगळे झोपलेले असतात. बाळ दोनच्या आणि चारच्या दुधाला उठत नाही. सकाळी सहाला आईची छाती दुधाने दगडासारखी झालेली असते, म्हणून तिला जाग येते, ती बाळाला जवळ घेते तर मान लटकते आणि तोंडात दूध धरलं तरी ते ओढत नाही. दहा वेढे म्हणजे किती मिलिग्राम हे कुणालाच सांगता येणार नाही, सहाण खरखरीत आहे की गुळगुळीत, फळ ओलं की कोरडं, हात किती दाबला, सगळ्याने ते बदलतं. वेखंडही असंच उगाळून देतात, त्याने बाळाला जोरदार उलट्या होऊ शकतात. आणि हे सगळं मधात कालवलं तर वेगळाच धोका, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते आणि त्यातही बाळ असंच ढिलं पडतं.

सिरपचं थोडक्यात सांगायचं तर क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिनसारखी सर्दी-अॅलर्जीची औषधं झोप आणतात म्हणूनच वापरली जातात, पण प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना श्वास थांबण्याच्या भीतीने देत नाहीत, आणि क्लोरफेनिरामिन-फिनाईलएफ्रिन या जोड औषधावर चार वर्षांखाली देऊ नका असं छापायला भारतात 2023 मध्ये सांगितलं गेलं. ब्रँडीने गुंगी तर येतेच, वर बाळाची रक्तातली साखरही खाली जाते.

मग रडणाऱ्या बाळाचं करायचं काय? आधी हे माहीत हवं की नवजात बाळ दिवसभरात 14 ते 17 तास झोपतं पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत, कारण पोट लहान असतं आणि दूध लवकर पचतं. रात्रभर सलग झोपणं या वयात अपेक्षितच नाहीये. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, तेही संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. म्हणूनच तिसऱ्या महिन्यात सुरू केलेला कुठलाही उपाय गुणकारी वाटतो.

बाळ रडायला लागलं की आधी दूध, संध्याकाळी ते तासा-तासाला मागतं आणि द्यायला हरकत नाही, दूध कमी पडतंय म्हणून असं होतं असं नाही. मग खांद्यावर धरून ढेकर. लंगोट ओला आहे का, कपड्याचा दोरा बोटाला गुंडाळला गेलाय का, मानेला घाम आलाय का हे बघायचं, आपल्याकडे टोपरं आणि दोन दुपटी घालून मेच्या उकाड्यात बाळाला उकडवून ठेवतात आणि मग ते रडतं. तरी थांबलं नाही तर आईच्या किंवा बाबाच्या उघड्या छातीवर बाळाला लंगोटावर धरून वरून ओढणी घ्यायची, खोली अंधारी करायची, एकाच लयीत हलकं डुलवत "शूऽऽ" करत राहायचं किंवा अंगाई म्हणायची, वीस मिनिटं तरी, दर दोन मिनिटांनी पद्धत बदलली की बाळ अजून चिडतं. दिवसा उजेडात, घरातल्या आवाजात ठेवायचं आणि रात्रीचं दूध मंद दिव्यात न बोलता पाजायचं, काही आठवड्यांत दिवस-रात्र कळायला लागते. झोपवताना पाठीवर, सपाट गादीवर, उशी-लोड न ठेवता. हातपाय दुपट्यात गुंडाळलं तर पायाकडे सैल ठेवायचं, आणि कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद.

आणि सांभाळणारं माणूस दमलं असेल तर ते बदला. गिरणीतल्या बाईला जे मिळालं नाही ते हेच. रात्री दहा ते दोन बाबा किंवा आजी, मधल्या वेळेत फक्त दुधापुरतं आईकडे. घरात कुणीच नसेल आणि डोकं फिरायची वेळ आली असेल तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून दाराबाहेर पाच-दहा मिनिटं उभं राहा, तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही, जोरात हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

काही रडण्यांना घरी थांबायचंच नाही. तीन महिन्यांच्या आत 38 डिग्री म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, फुगलेली टाळू, नेहमीपेक्षा वेगळं किंचाळल्यासारखं रडणं, दूध सोडणं, यात डॉक्टर लगेच, आणि अशा वेळी गुंगीचं काही दिलेलं असेल तर नेमकी हीच खूण झाकली जाते.

घरात कुणी काही चाटवलंय आणि बाळ फार शांत वाटतंय तर तळपायाला टिचकी मारून बघा. झोपलेलं बाळ पाय ओढतं, चेहरा वाकडा करतं, ओठांना बोट लावलं तर चोखायला जातं. पाय तसाच लटकत राहिला, चोखत नाही, हात सोडला की धपकन पडतो, हे गुंगीचं लक्षण. पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, तान्ह्या बाळाचे 30 ते 60 असतात, 30 च्या खाली गेले, मधे 20 सेकंदांचा खंड पडला किंवा ओठ निळसर झाले तर 108 ला फोन, आणि श्वास थांबलाच असेल तर फोन स्पीकरवर ठेवून बाळाचं तोंड-नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकून छाती वर येईल एवढीच हलकी फुंकर घालत राहा. उलटी काढायला बोट घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका, गुंगीतल्या बाळाच्या ते फुप्फुसात जातं. दूधही पाजू नका. उरलेली वस्तू, बाटली, जायफळाचं फळ बरोबर घ्या, आणि किती वाजता काय दिलं ते डॉक्टरांना खरं सांगा, मग ते आजीने दिलेलं असो नाहीतर सांभाळणाऱ्या बाईने, कारण अफूवर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे आणि तो काही मिनिटांत श्वास परत आणतो, जायफळावर तसा उतारा नाही, तिथे बाळाला दवाखान्यात ठेवून श्वास, साखर आणि झटके यांवर लक्ष ठेवत असर उतरायची वाट बघावी लागते.