डिगॉक्सिन आणि ईसीजीतला तो बाक

"ईसीजीत एसटी हा भाग खाली वाकलेला दिसला, म्हणजे हृदयाचं औषध डिगॉक्सिन अंगात जास्त झालंय ना?"

नाही. तो बाक एवढंच सांगतो की गोळी पोटात जातेय. डिगॉक्सिन हृदयपेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं, त्यामुळे आत कॅल्शियम वाढून आकुंचन जोरदार होतं. शिवाय हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे ठोका पोचवणारा एव्ही नोड मंदावतो. रक्तात मिलिलिटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम पुरतं, २ च्या वर धोका. पोटॅशियम उतरलं असेल तर त्याआधीच.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, असलेल्या आणि डिगॉक्सिन घेणाऱ्या एक आजी जुलाबानंतर आल्या. जेवण नकोसं, सगळं पिवळट दिसतं. वर्षानुवर्षं बेताल असलेली नाडी आता ४४, घड्याळासारखी नियमित. घरचे खूश, मला घाम फुटला. ईसीजीच्या पट्टीवर वरच्या कप्प्यांच्या पी लहरी नव्हत्याच, खालच्या कप्प्यांचे क्यूआरएस मात्र समान अंतरावर. म्हणजे फिब्रिलेशन तसंच, पण एव्ही नोडची वाट बंद, आणि ठोके नोडजवळच्या जंक्शनमधून. ही खरी विषबाधा. गोळी तिथेच थांबवली. पोटॅशियम निघालं २.९, म्हणजे उतरलेलं.