स्वयंपाकघर, मोरी आणि संडास : घरकामाच्या उतरंडीची पार्श्वभूमी

पुण्यात सप्टेंबर 2017 मध्ये एक तक्रार पोलिसांत दाखल झाली आणि ती देशभर गाजली. स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईने आपण ब्राह्मण आणि सुवासिनी असल्याचे भासवले, गौरी-गणपतीचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक केला, त्यामुळे फसवणूक झाली, असे घरमालकिणीचे म्हणणे होते. ज्या बाईवर आरोप झाला ती मराठा समाजाची होती. पुढे गदारोळ झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. त्या वेळच्या चर्चेत बहुतेकांनी एकाच शब्दावर बोट ठेवले, ‘ब्राह्मण’. दुसरी अट, म्हणजे ‘सुवासिनी’, जवळजवळ दुर्लक्षित राहिली. आणि तिसरी गोष्ट तर फारशी कुणी मांडलीच नाही : अशी अट घालणारी एक बाई आणि ती पाळावी लागणारी दुसरी बाई, यांच्यात पगाराचे नाते होते. जात, लिंग आणि वर्ग त्या एका स्वयंपाकघरात एकाच वेळी काम करत होते. या तिन्हींच्या एकत्रित परिणामाला अभ्यासक आंतरछेदिता म्हणतात. घरकामात ती कशी घडत गेली, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

जुन्या शहरी घरांत कामाची वाटणी विटाळाच्या हिशेबाने होई. चुलीजवळ जाणारे माणूस, पाणी भरणारे माणूस, भांडी घासणारे, अंगण झाडणारे आणि संडास साफ करणारे ही निरनिराळ्या जातींची माणसे असत. स्वयंपाकासाठी उच्चवर्णीय घरांना बहुधा आपल्याच जातीची विधवा लागे. तिला पुनर्विवाह नाही, इस्टेटीत वाटा नाही, माहेर-सासर दोन्हीकडे ओझे. मग दुसऱ्याच्या चुलीपुढे उभे राहण्यावाचून इलाज नसे. तिचे दारिद्र्य स्त्री असण्यातून आले, पण तिला चुलीपर्यंत जागा जातीमुळे मिळाली. मांग किंवा महार बाई तेवढीच गरीब असती तरी तिला ती जागा मिळाली नसती. दोघींचे दुःख ‘बाईचे दुःख’ म्हणून एका पारड्यात टाकले, तर हाच फरक दिसेनासा होतो.

हा फरक मराठीत फार पूर्वी मांडला गेला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाबद्दल लिहिताना आपल्या बायकांचे बाळंतपण डोक्यावर छप्पर नसताना कसे होते, हे ती आवर्जून नोंदवते. बाळंतपण प्रत्येक बाईचे असते. उघड्यावरचे बाळंतपण मात्र विशिष्ट जातीच्या आणि गरीब बाईचे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ आली ती 1882 मध्ये. ती जबरदस्त आहे, पण तिचा रोख वेगळा. विषयाची सुरुवात मुक्ताबाईंपासून धरावी असे मला वाटते.

मुंबईत घरकाम बराच काळ पुरुषांचे होते, हे आज सहज विसरले जाते. कोकणातून आलेला ‘रामागडी’ घरात राही, पाणी भरे, भांडी घाशी. पुरुषांना इतर कामांत जास्त पैसे मिळू लागले तसे हे काम बायकांकडे आले आणि बायकांकडे आल्यावर त्याची किंमत आणखी घसरली. पुढचा मोठा लोंढा 1972 च्या दुष्काळाने आणला. मराठवाडा, सोलापूर, नगर भागातून कोरडवाहू आणि भूमिहीन कुटुंबे पुण्या-मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आली. दलित कुटुंबांकडे बहुधा विकायला जमीनही नव्हती. पुरुष बांधकामावर किंवा हमालीला गेले, बायका धुणीभांड्याला. मुंबईत 1982 च्या गिरणी संपानंतर अनेक गिरणी कामगारांच्या घरांतल्या बायकांनीही हीच वाट धरली.

दरम्यान पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी संप केला. आजारपणात खाडे झाले म्हणून एका बाईचे काम गेले आणि त्यावरून ठिणगी पडली, असे सांगितले जाते. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. सुट्टी, पगारवाढ, बोनस या तिच्या मागण्या कामगार म्हणून होत्या आणि त्या योग्यच होत्या. संघटनेला सगळ्या जातींच्या बायका एकत्र हव्या असतात. त्यामुळे कोण कुणाच्या हातचे खाते हा प्रश्न तिथे पुढे आणणे अवघड जाते. दुसरीकडे दलित चळवळीत व्यासपीठ पुरुषांचे आणि स्त्री-चळवळीत मध्यमवर्गीय सवर्ण बायकांचे. हे 1990 च्या दशकात गोपाळ गुरू आणि शर्मिला रेगे या अभ्यासकांच्या लेखनातून स्पष्टपणे मांडले गेले.

साधारण त्याच काळात अमेरिकेत किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी 1989 मध्ये आंतरछेदितेची संकल्पना मांडली. त्यांच्यासमोर जनरल मोटर्सविरुद्धचा 1976 चा एक निकाल होता. कंपनीने 1964 पूर्वी काळ्या बायकांना घेतलेच नव्हते. मग नोकरकपात ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ या नियमाने झाली आणि उशिरा आलेल्या काळ्या बायका बाहेर पडल्या. कोर्ट म्हणाले, कंपनीत बायका आहेत, म्हणजे लिंगभेद नाही. वंशभेदाचा दावा वेगळा मांडा, पण दोन्ही जोडून नवा दावा करता येणार नाही. कंपनीतल्या बायका गोऱ्या होत्या आणि कारखान्यातले काळे कामगार पुरुष होते, एवढी साधी गोष्ट त्या हिशेबात बसली नाही.

आता हाच हिशेब आपल्याकडे करून पाहू. समजा, लातूरकडून आलेली एक मातंग बाई पुण्यातल्या एका सोसायटीत पाच घरी काम करते. काम मागायला गेल्यावर आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग ‘गाव कुठलं’, ‘राहायला कुठे’. थेट जात विचारणे आता वाईट दिसते. वस्तीचे नाव कळले की भागते. तिला स्वयंपाक उत्तम येतो, पण मिळते ते केर-फरशी, भांडी आणि संडास-बाथरूम. स्वयंपाकाचा दर भांड्यांपेक्षा जास्त असतो. म्हणजे विटाळाची जुनी उतरंड आज दरपत्रकाच्या रूपात जिवंत आहे.

तिच्या शेजारी राहणारी मराठा बाई तितकीच गरीब आहे. तीही भांड्यांपासून सुरुवात करते, पण दोन-तीन वर्षांत पोळ्यांचे काम मिळवते. कमी तासांत जास्त पैसे येतात, गुडघे वाचतात. वर्ग एक, लिंग एक. वाट मात्र फुटली. (2017 च्या प्रकरणात दिसले तसे, सोवळ्याच्या घरी या बाईलाही दार बंदच असते. उतरंडीत प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी.) मातंग बाईचा नवरा त्याच सोसायटीत ठेकेदाराकडे सफाईला आहे. जातीने त्यालाही झाडूच दिला. पण ठेकेदाराकडे वीस माणसे असली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, हजेरीपट असतो. बायकोचे मालक पाच आणि प्रत्येकाकडे ती एकटी. कुठलेच घर कायद्याने ‘आस्थापना’ नाही. तिचे काम बाईचे घरचेच काम समजले जाते, म्हणून ते कामगार कायद्याच्या बाहेर राहते. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये ‘उद्योग’ या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे.

तिसरी तुलना मालकिणीशी. घरकामाची जबाबदारी मालकिणीवरही बाई म्हणूनच पडलेली असते. नोकरी करता यावी म्हणून ती ते काम पैसे देऊन पुढे सरकवते. पगार, खाडा, उचल, जुन्या साड्या या सगळ्या वाटाघाटी दोन बायकांमध्ये होतात आणि घरातला पुरुष बाजूला राहतो. त्यामुळे शोषणाचा चेहराही बाईचाच दिसतो. कामवालीच्या स्वतःच्या घरचा स्वयंपाक आणि पाणी भरणे मात्र तिची मुलगी करते, शाळा बुडवून.

अन्याय झालाच तर तिने जायचे कुठे? वेगळा कप ठेवला, जातीवरून शिवी दिली, तर अॅट्रॉसिटी कायदा आहे. पण अपमान ‘सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झालेला असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात 2020 मध्ये सांगितले की घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कुणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. नातेवाईक आणि मित्र म्हणजे ‘सार्वजनिक’ नव्हेत. शेतमजुराला बांधावर हे कलम उपयोगी पडते. घरकामगार बाईच्या कामाची जागाच चार भिंतींत आणि साक्षीदार मालकाचे कुटुंब.

लैंगिक छळ झाला तर 2013 चा कायदा घराला कामाची जागा मानतो. तीन महिन्यांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची. पण घरकामगाराच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले की समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. कार्यालयातल्या बाईला मिळणारी चौकशी, बदली, रजा हे मधले उपाय तिच्यापर्यंत पोचत नाहीत. पोलिसांत जायचे म्हणजे पाचही घरची कामे जाण्याची भीती. दलित बाई ‘सहज उपलब्ध’ अशी जी नजर असते, ती नोंदवायला त्या अर्जात रकाना नाही.

आणि मजुरीसाठी महाराष्ट्राचा 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळ कायदा. तो कल्याणाचा कायदा आहे, वेतनाचा नाही. त्यात नोंदणी आहे, 18 ते 60 ही वयाची अट आहे, पुढे पंचावन्न पूर्ण झालेल्यांना 10,000 रुपयांचे सन्मानधन आले. किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी नाही. 2021 च्या टाळेबंदीत सरकारने घरकामगारांना 1,500 रुपये जाहीर केले ते नोंदणी असलेल्यांनाच. नोंदणीसाठी आणि तिच्या नूतनीकरणासाठी कामाचा दिवस मोडावा लागतो, म्हणजे खाडा. ज्या बाईकडे पोळ्यांचे काम आहे ती तो एक वेळ परवडवू शकते.

न्यायालयांना हे अजिबात दिसत नाही असेही नाही. पाटण जमाल वली प्रकरणात, एप्रिल 2021 मध्ये, अंध दलित मुलीवरील बलात्काराचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने क्रेनशॉ यांचा आधार घेतला. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र पाहिले पाहिजे असे सविस्तर लिहिले. तरीही अॅट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द झाली, कारण गुन्हा जातीच्या ‘कारणावरून’ घडल्याचा वेगळा पुरावा नव्हता. बलात्काराची शिक्षा कायम राहिली. जानेवारी 2016 पासून त्या कलमात ‘कारणावरून’ऐवजी पीडितेची जात ‘माहीत असून’ असा बदल झाला आहे, पण गुन्हा त्याआधीचा होता. घरकामगारांच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे. जात वस्तीच्या नावावरून आधीच काढून घेणाऱ्या मालकाला ती माहीत नव्हती असे म्हणणे कठीण जाते. मात्र हे कलम दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना आणि कायद्याला जोडलेल्या अनुसूचीतल्या गुन्ह्यांना लागते. वेगळ्या कपाला आणि कापलेल्या पगाराला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी केंद्र सरकारला घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितले. त्या आधी, जून 2011 मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या घरकामगारांविषयीच्या 189 व्या करारनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले होते. त्याला मान्यता मात्र अजून दिलेली नाही.