टायर चाचणीतले ते तीन मीटर

“ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगमध्ये दोन टायरांत तीनच मीटरचा फरक आहे. मग कमी आवाजाचा, मायलेज देणारा घेतला तर काय बिघडलं?”

बरंच बिघडतं. समजा, ताशी 80 किमीवरून एक गाडी 30 मीटरमध्ये थांबली, दुसरी 33 मध्ये. पहिली जिथे उभी राहिली, तिथे दुसरी अजून ताशी सुमारे 24 किमीने धावत असते, कारण ब्रेक दाबल्यावर वेगाचा मोठा हिस्सा शेवटच्या काही मीटरांतच उतरतो. समोर माणूस असेल तर हाडं मोडायला एवढा वेग पुरतो.

हे मीटर मात्र एकाच चाचणीतले, एकाच मापाच्या टायरांचे हवेत. रस्ता, पाण्याचा थर, तापमान बदललं की आकडेही बदलतात. आणि आवाजाचं म्हणाल, तर टायरच्या युरोपीय लेबलवरचे डेसिबल गाडीबाहेर मोजलेले असतात. आत किती शांत वाटेल, हे त्यावरून कळत नाही.