न आलेले कॉल कसे मोजणार?

कास्टिंगच्या लॉटमधून 50 नग तपासले आणि 3 रिजेक्ट झाले, तर 47 चांगले निघाले हे वेगळं सांगावं लागत नाही. पण कॉल सेंटरला दहा मिनिटांत 4 कॉल आले, तर न आलेले किती? या प्रश्नाला उत्तरच नाही. अशा मोजणीतल्या शक्यता काढायला द्विपद वितरण वापरायचं की प्वासाँ वितरण, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

द्विपदाला दोन आकडे लागतात: एकूण नग किती, आणि एक नग खराब निघण्याची शक्यता किती. प्रत्येक नगासाठी ही शक्यता सारखी असावी आणि एका नगाचा दुसऱ्यावर परिणाम नसावा. प्वासाँला फक्त सरासरी पुरते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने 1909 साली दाखवून दिलं, की कॉल एकमेकांशी संबंध नसताना येत असतील, तर ठरावीक वेळातली त्यांची संख्या प्वासाँप्रमाणे वागते.

दहा मिनिटांची सरासरी 4 असेल, तर 8 किंवा जास्त कॉल येण्याची शक्यता सुमारे 5 टक्के निघते. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना, साधारण वीसातल्या एका खेपेला दुप्पट कॉल येणारच. सरासरीवर माणसं नेमणाऱ्या मॅनेजरला हे पटवणं अवघड जातं.

कारखान्यात मात्र एक गफलत हमखास होते. रिजेक्ट नग मोजले तर द्विपद. पण त्याच नगांवरची ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून पडलेली छिद्रं, मोजली तर प्वासाँ, कारण एका नगावर किती ब्लोहोल असू शकतात याला ठरलेली मर्यादा नाही. दोन्ही आकडे एकाच रकान्यात भरले, की पुढचा हिशेब वाया जातो.

नग बरेच आणि खराबी क्वचित असेल, तर दोन्ही वितरणं जवळजवळ एकच उत्तर देतात. खराबीचं प्रमाण 2 टक्के धरून 50 नग तपासले, तर एकही खराब न निघण्याची शक्यता द्विपदाने 36.4 टक्के येते. सरासरी 1 घेऊन प्वासाँने काढली तर 36.8. एवढ्या फरकाने कुणाचं काही अडत नाही. पण खराबी 30 टक्के असेल तर सरासरी होते 15. प्रचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात याचं माप, द्विपदाचं 10.5 आणि प्वासाँचं 15. इथे प्वासाँ आकड्यांचा पसारा उगाच फुगवून दाखवतं.

प्वासाँमध्ये सरासरी आणि प्रचरण सारखंच असतं, आणि तपासायलाही हेच सोपं. कॉलची सरासरी 4 आणि प्रचरण 11 आलं, तर कॉल स्वतंत्रपणे येत नाहीत किंवा सरासरीच बदलते आहे. एखाद्या भागात वीज गेली की सगळे एकदमच फोन लावतात. सकाळी अकराची गर्दी आणि दुपारी तीनची शांतता एकत्र मोजली तरी असंच होतं. तेव्हा आधी तासांप्रमाणे आकडे वेगळे करून पाहावेत. तरीही प्रचरण उतरलं नाही, तर प्वासाँ बाजूला ठेवून ऋण द्विपद वितरण वापरून पाहावं; त्यात प्रचरण सरासरीपेक्षा जास्त असतं.